व्हिटॅमिन के दिलं, तरी रक्त लगेच का थांबत नाही?

प्रश्न: सर, मी इंटर्न आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या एका आजोबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी लगेच शिरेतून व्हिटॅमिन के दिलं, तरी रजिस्ट्रार ओरडले, की गोठण्याचे तयार घटक असलेलं पीसीसी कुठे आहे? उतारा तर दिला होता ना? मग एवढी धावपळ कशासाठी? आणि हेपॅरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या असत्या तर काय दिलं असतं?

उत्तर:

तुम्ही व्हिटॅमिन के दिलंत ते बरोबरच केलंत. पण ते दिल्यावर पुढच्या तासाभरात त्या आजोबांच्या रक्तात जवळजवळ काहीच बदललं नव्हतं. हे का, ते एकदा नीट समजलं की बाकीचे उतारे फारसे पाठ करावे लागत नाहीत.

रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दोन, सात, नऊ आणि दहा हे चार घटक यकृतात तयार होतात. तयार झाल्यावर त्यांच्यावर शेवटचा एक हात फिरवावा लागतो. त्यांना कॅल्शियम धरून ठेवणारे आकडे बसवावे लागतात, आणि त्या कामात व्हिटॅमिन के खर्ची पडतं. एरवी शरीर ते वापरलेलं व्हिटॅमिन पुन्हा ताजं करून घेतं. वॉरफरिन नेमकी हीच वाट अडवतं. मग यकृत घटक बनवत राहतं, पण बिनआकड्याचे. ते रक्तात फिरतात, जखमेपर्यंत पोचतात, पण तिथे चिकटू शकत नाहीत.

आता तुम्ही शिरेतून १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के दिलंत. एवढ्या मोठ्या मात्रेत ते वॉरफरिननं अडवलेली वाट सोडून दुसऱ्या वाटेनं वापरात येतं आणि यकृतातलं काम पुन्हा सुरू होतं. पण लक्षात घ्या, आधीच रक्तात फिरणारे बिनआकड्याचे घटक त्यानं दुरुस्त होत नाहीत. आकडे बसवायचं काम यकृताच्या पेशीत होतं, रक्तात नाही. म्हणजे चांगले घटक नव्यानं तयार व्हायचे, बाहेर पडायचे, त्यांची पातळी वाढायची, मग रक्त गोठायचं. याला वेळ लागतो. शिरेतून दिल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर होतो हे सांगणारा आकडा, उतरायला साधारण चार ते सहा तासांनी सुरुवात होते, आणि पूर्ण परिणाम दिसायला बारा ते चोवीस तास जातात. सात नंबरचा घटक आधी सावरतो, दोन नंबरचा सर्वांत शेवटी.

पायाला सूज आहे, हिरडीतून थोडं रक्त येतं आहे, अशा वेळी हे बारा तास परवडतात. कवटीच्या आत परवडत नाहीत. तिथे जागा ठरलेली असते. रक्ताचा गोळा वाढला की मेंदूलाच सरकावं लागतं. हा गोळा सर्वांत जास्त वाढतो तो पहिल्या काही तासांत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर वाढीचा हा काळ आणखी लांबतो, कधी चोवीस तासांपर्यंतही. म्हणजे गोळा वाढायचे तास आणि व्हिटॅमिन के नुसतं तयारीत असण्याचे तास एकच. तुमच्या रजिस्ट्रारांचा जीव खालीवर होत होता तो यामुळे.

एका रुग्णाचं उदाहरण घड्याळासकट सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई ७१ वर्षांच्या, वजन ६० किलो, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून वॉरफरिन चालू. संध्याकाळी पावणेसहाला उजवा हात लुळा पडला. साडेसहाला त्या अपघात विभागात आल्या. शुद्धीवर होत्या, शब्द अडखळत होते, रक्तदाब १९०/१००. सोबत आलेल्या सुनेच्या हातात औषधांची पिशवी होती. परिचारिकेनं ती दारातच उघडली आणि वॉरफरिनची पट्टी पाहून ओरडून सांगितलं. त्या एका वाक्यानं आमची किमान वीस मिनिटं वाचली असतील. सहा बेचाळीसला सीटी झाला. डाव्या थॅलॅमसमध्ये रक्त होतं. ४ सेंटिमीटर लांब, ३.२ रुंद, २.५ उंच. तिन्हींचा गुणाकार करून निम्मा केला की अंदाजे आकारमान मिळतं, इथे ते १६ मिलिलिटर. बोटाच्या थेंबावरचा आयएनआर तोवर हातात आला होता, ३.४.

सहा पंचावन्नला व्हिटॅमिन के सुरू केलं. १० मिलिग्रॅम ५० मिलिलिटर सलाइनमध्ये, अर्ध्या तासात जाईल अशा गतीनं. आणि त्याच वेळी दुसऱ्या शिरेतून पीसीसीची तयारी. पीसीसी म्हणजे ते चारही घटक, आकडे बसवलेले, तयार आणि गाळून घट्ट केलेले. यकृतानं उद्या सकाळपर्यंत जे बनवलं असतं ते आपण बाटलीतून आत्ता देतो. आयएनआर २ ते ४ च्या दरम्यान असेल तर किलोमागे २५ युनिट, ४ ते ६ असेल तर ३५, त्यावर ५०. वजन कितीही असलं तरी हिशेब १०० किलोपाशी थांबवायचा. आमच्या बाईंना ६० गुणिले २५, म्हणजे १५०० युनिट लागले. ५०० युनिटच्या तीन बाटल्या, विरघळवल्यावर प्रत्येकी २० मिलिलिटर, एकूण ६०. सात पाचला सुरू केलं, सव्वासातला संपलं. रक्तदाब साडेसातपर्यंत १४० वर आणला. पावणेआठला पुन्हा आयएनआर पाठवला, १.२ आला. सहा तासांनी दुसरा सीटी केला तेव्हा गोळा १८ मिलिलिटर होता, म्हणजे जवळजवळ होता तेवढाच. हात पूर्ण परत आला नाही. जे रक्त आधीच सांडलं होतं त्यानं केलेलं नुकसान कुठलाही उतारा भरून काढत नाही, हे सुनेला मी त्याच रात्री सांगितलं. बोलणं मात्र परत आलं.

आता याच बाईंना पीसीसीऐवजी प्लाझ्मा द्यायचा ठरवला असता तर काय झालं असतं? किलोमागे १५ मिलिलिटर धरलं तरी ९०० मिलिलिटर, म्हणजे चार पिशव्या. आधी रक्तगट पाहायचा, मग गोठलेल्या पिशव्या वितळवायच्या, त्यात अर्धा तास. मग इतकं पाणी आधीच थकलेल्या हृदयात उतरवायचं. घाई केली तर फुप्फुसात पाणी भरतं, सावकाश दिलं तर मेंदूतला गोळा वाढतो. शिवाय प्लाझ्मात हे घटक साध्या रक्ताइतकेच असतात, त्यामुळे कितीही ओतला तरी आयएनआर १.५ च्या खाली नेणं कठीण. जर्मनीत ५० च्या आसपास रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत वॉरफरिनसारख्या औषधांवर मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना एकतर प्लाझ्मा दिला किंवा पीसीसी. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. तीन तासांत आयएनआर १.२ किंवा त्याखाली आला तो प्लाझ्मा गटात ९ टक्के रुग्णांचा, पीसीसी गटात ६७ टक्के. पीसीसी मिळतच नसेल तर प्लाझ्मा द्यायचाच, काहीच न देण्यापेक्षा तो बरा. पण दोन्ही समोर असताना प्लाझ्माकडे हात जाऊ नये.

मग पीसीसी इतकं चांगलं असेल तर व्हिटॅमिन के कशाला, असं तुमच्या मनात येईल. मी निवासी डॉक्टर असताना माझ्या हातून नेमकी हीच चूक झाली. रात्री एका रुग्णाला पीसीसी दिलं, अर्ध्या तासानं आयएनआर १.३ आला, मी समाधानानं पुढच्या रुग्णाकडे गेलो. व्हिटॅमिन के लिहायचं राहिलं. सकाळी आयएनआर पुन्हा २ च्या वर होता आणि रुग्ण रात्रीपेक्षा जास्त गुंगीत होता. कारण साधं आहे. बाटलीतून दिलेला सात नंबरचा घटक सुमारे सहा तासांत निम्मा होतो. वॉरफरिन मात्र शरीरातून निम्मं व्हायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो. म्हणजे उसने घटक संपतात तेव्हा यकृत अजून अडलेलंच असतं. पीसीसी आजची रात्र निभावतं, व्हिटॅमिन के उद्याचा दिवस सांभाळतं. तेव्हापासून मी दोन्हींचा आदेश एकाच ओळीत लिहितो, आणि आयएनआर अर्ध्या तासानं, सहा तासांनी आणि चोवीस तासांनी असा तीनदा तपासायला सांगतो.

व्हिटॅमिन के देण्याच्या पद्धतीत दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे ते स्नायूत टोचणं. ज्याचं रक्त गोठत नाही त्याच्या स्नायूत सुई घातली की तिथे रक्ताची गाठ होते. त्वचेखाली दिलं तर किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. दुसरी चूक म्हणजे सिरिंजमधून एकदम ढकलणं. क्वचित पण जीवघेणी ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येते, रक्तदाब कोसळतो. म्हणून पातळ करून, वीस-तीस मिनिटांत, आणि समोर कुणीतरी उभं असताना.

पीसीसीतही एक बारकावा आहे. पावडर विरघळवताना बाटली जोरात हलवली तर फेस होतो, आणि तो बसेपर्यंत औषध नीट ओढून घेता येत नाही. हातात घेऊन हळू गोल फिरवायची. घाईच्या वेळी हेच विसरतं. आणि काही पीसीसीमध्ये थोडं हेपॅरिन घातलेलं असतं. ज्या रुग्णाला हेपॅरिनमुळे प्लेटलेट्स कोसळण्याचा आजार झालेला आहे, त्याला असं पीसीसी चालत नाही. बाटलीवरची माहिती वाचायची सवय ठेवा.

आता हेपॅरिन. इथे गोष्टच वेगळी, म्हणून घाईही वेगळी. हेपॅरिन घटक बनू देत नाही असं नाही. घटक तयार असतात, हेपॅरिन त्यांचा ब्रेक दाबून धरतं. त्यामुळे यकृताची वाट पाहायची गरज नाही, फक्त हेपॅरिनला बाजूला ओढायचं. हेपॅरिनवर ऋण विद्युतभार प्रचंड, प्रोटामिनवर तितकाच धन. दोघं रक्तातच एकमेकांना चिकटतात आणि पाच मिनिटांत काम होतं. (प्रोटामिन मूळचं सॅमन माशाच्या शुक्रपेशींमधलं. माशांची तीव्र ॲलर्जी असेल किंवा रुग्णानं प्रोटामिन असलेलं इन्सुलिन घेतलं असेल तर प्रतिक्रियेचा धोका वाढतो, म्हणून विचारायचं.)

मात्रेचा हिशेब १०० युनिट हेपॅरिनला १ मिलिग्रॅम. पण किती हेपॅरिन धरायचं? सकाळपासून दिलेलं सगळं नाही. हेपॅरिन तास-दीड तासात निम्मं होतं, म्हणून मागच्या दोन-तीन तासांतलंच मोजायचं. तासाला १००० युनिटनं ठिबक चालू असेल तर २००० ते ३००० युनिट, म्हणजे २० ते ३० मिलिग्रॅम प्रोटामिन. एका वेळी ५० च्या वर जायचं नाही, आणि मिनिटाला ५ मिलिग्रॅमपेक्षा वेगानं द्यायचं नाही. इथे वेग घातक ठरतो. भरभर दिलं की रक्तदाब पडतो, नाडी मंदावते, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळतात. आणि 'थोडं जास्तच देऊ' हा विचार तर अजिबात नको, कारण गरजेपेक्षा जास्त प्रोटामिन स्वतःच रक्त गोठू देत नाही. दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एपीटीटी ही गोठण्याची तपासणी पाठवा आणि त्यावरून पुढचं ठरवा.

कमी वजनाच्या रेणूंच्या हेपॅरिनवर, म्हणजे एनॉक्सापॅरिनसारख्यांवर, प्रोटामिन अर्धवटच चालतं, साधारण ६० टक्के परिणाम पुसला जातो. मागच्या आठ तासांत दिलेल्या प्रत्येक मिलिग्रॅमला एक मिलिग्रॅम, आठ ते बारा तास झाले असतील तर अर्धा. फॉन्डापॅरिनक्सवर ते चालतच नाही. म्हणून 'हेपॅरिनचं इंजेक्शन चालू आहे' एवढं ऐकून थांबू नका, नेमकं कोणतं ते विचारा.

राहिल्या नव्या गोळ्या. या थेट एखाद्या घटकालाच धरतात, व्हिटॅमिन केशी त्यांचा काही संबंध नाही. डाबिगाट्रान घेणाऱ्याला व्हिटॅमिन के दिलं तर नुकसान होणार नाही, पण उपयोगही शून्य. आणि मौल्यवान अर्धा तास आपण काहीतरी केलं या समाधानात जातो. डाबिगाट्रानचा उतारा मात्र मला या सगळ्यांत सर्वांत सुबक वाटतो. इडारुसिझुमॅब ही प्रतिपिंडाची एक तुकडी आहे. डाबिगाट्रान आपल्या मूळ लक्ष्याला जितकं घट्ट धरतं त्याच्या सुमारे ३५० पट घट्ट ती डाबिगाट्रानला धरते. वजन पाहायचं नाही, हिशेब नाही. अडीच ग्रॅमच्या दोन बाटल्या, एकूण ५ ग्रॅम, परिणाम काही मिनिटांत. एवढंच, की मूत्रपिंड कमजोर असेल तर ऊतींमध्ये साठलेलं औषध बारा-चोवीस तासांत पुन्हा रक्तात उतरू शकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी रक्तस्राव परत सुरू होतो का याकडे लक्ष ठेवायचं. उतारा मिळत नसेल तर डायलिसिसनं डाबिगाट्रान काढता येतं, पण त्यात तास जातात.

रिव्हारोक्साबॅन आणि अपिक्साबॅनचं चित्र इतकं स्वच्छ नाही. त्यांच्यासाठी अँडेक्सानेट नावाचा खास उतारा तयार झाला. तो दहा नंबरच्या घटकाचा खोटा अवतार आहे. गोळीचं औषध त्याला खरा समजून चिकटतं आणि खरा घटक मोकळा होतो. कल्पना सुंदर आहे, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मेंदूतला गोळा रोखण्यात तो सरस ठरला तरी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकण्याचं प्रमाण ६.५ टक्के आलं, नेहमीच्या उपचाराच्या गटात ते १.५ टक्के होतं. शिवाय तो सगळीकडे मिळत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक जण पीसीसी वापरतात, एकदम २००० युनिट किंवा किलोमागे ५० पर्यंत. पीसीसी इथे औषध काढून टाकत नाही, घटकांची संख्या वाढवून औषधाला पुरून उरतं. म्हणून वॉरफरिनमध्ये दिसते तशी आयएनआरची सुंदर घसरण इथे शोधू नका. या गोळ्यांवर असताना आयएनआर जवळजवळ सामान्य असू शकतो आणि रक्त तरीही पातळ. इथे खरी तपासणी म्हणजे एक प्रश्न: शेवटची गोळी किती वाजता? दोन तासांच्या आत घेतली असेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल तर ५० ग्रॅम सक्रिय कोळसा पोटातूनच औषध अडवतो. दोन दिवस झाले असतील आणि मूत्रपिंड चांगलं असेल तर कदाचित कशाचीच गरज नाही.

आणि ही घाई कुठे करू नये तेही सांगतो, कारण नुकतंच शिकलेलं औषध हातात आलं की ते सगळीकडे द्यावंसं वाटतं. आयएनआर ६ आला आहे, पण रुग्ण चालत आला, कुठेही रक्त नाही, अशा वेळी पीसीसी नको आणि शिरेतून १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन केही नको. एक-दोन गोळ्या थांबवायच्या आणि लवकर आयएनआर पुन्हा पाहायचा. आयएनआर १० च्या वर असेल तर थोडं व्हिटॅमिन के तोंडावाटे. १० मिलिग्रॅम दिल्यावर पुढचा आठवडाभर वॉरफरिन नीट लागू पडत नाही. ज्याच्या हृदयात धातूची झडप आहे त्याच्यासाठी तो आठवडा गुठळीच्या भीतीत जातो. मात्र त्याच झडपेच्या रुग्णाच्या मेंदूत रक्त उतरलं असेल तर झडपेकडे पाहून थबकायचं नाही. झडपेवर गुठळी व्हायचा धोका दिवसांच्या हिशेबात वाढतो, मेंदूतला गोळा मिनिटांच्या. आधी पूर्ण उतारा द्यायचा, आणि वॉरफरिन परत कधी सुरू करायचं हे गोळा स्थिर झाल्याचा सीटी समोर ठेवून हृदयरोगतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांच्याबरोबर ठरवायचं.